कॅप्शनच्या पहिल्या दोन ओळी

सासऱ्यांना जावयावर रागावता येत नसे, ही त्या दुकानाची सर्वांत मोठी अडचण होती. बाकी सगळ्यांवर त्यांना मोकळेपणाने रागावता येई. हमालावर, वजनकाट्यावर, कंपनीच्या प्रतिनिधीवर, इतकेच काय, लवकर फाटणाऱ्या गोण्यांवरही. पण जावई म्हटला की त्यांच्या जिभेवर आपोआप ‘अहो’ येई आणि पुढचा सगळा राग त्या ‘अहो’ला अडखळून पडे. मग ते मुलीकडे तोंड करून म्हणत, “तुझ्या नवऱ्याला सांग.” नवरा हातभर अंतरावर उभा असे. मुलगी त्याच्याकडे वळून सांगे, “ऐकलंस ना?” तो मान हलवी. असे तिघांचे ते संभाषण चाले.

जावई पूर्वी एका छापखान्यात मुद्रिते तपासत असे. छापखाना बंद पडला, तेव्हा त्याच्याकडे एक चष्मा, एक लाल पेन आणि माणसांपेक्षा वाक्यांची अधिक काळजी करण्याची सवय एवढेच उरले. सासऱ्यांना मुलगा नव्हता आणि दुकान होते. बियाणे, खते आणि औषधे यांचे ते दुकान बाजारपेठेच्या वळणावर होते. पुढे काउंटर, मागे गोदाम, आणि दोहोंच्या मध्ये एक असा अरुंद बोळ, की त्यातून गोणी घेऊन जाणाऱ्याला आणि रिकाम्या हाताने येणाऱ्याला एकमेकांची नीट ओळख करून घ्यावीच लागे.

सासऱ्यांनी त्याला या पेरणीच्या हंगामापुरते ठेवून घेतले होते. जमले तर दुकान त्याचे, नाही जमले तर सासऱ्यांच्या धाकट्या भावाचे सिमेंटचे गोदाम होते. तिथे दिवसभर कुणाशी बोलावे लागत नाही, असे सासरे म्हणत. जावयाला हे वर्णन सुरुवातीला मोहक वाटले होते. नंतर तो एकदा ते गोदाम पाहून आला. तिथली चिमणीसुद्धा राखाडी होती. शिवाय ते दुसऱ्या गावाला होते, आणि बायकोने आधीच स्पष्ट सांगितले होते की ती हे दुकान सोडून सिमेंट मोजायला कुठेही येणार नाही. तेव्हा त्याच्या मनाने घेतले, की हे काउंटर सोडायचे नाही. अडचण एवढीच होती की काउंटरवर बोलावे लागे, आणि गिऱ्हाईक समोर आले की त्याच्या तोंडून शब्दांऐवजी खाकरणे बाहेर पडे.

म्हणूनच सासऱ्यांनी लिहिण्याचे काम काढले, तेव्हा त्याला आपला दिवस उगवला असे वाटले.

“तुझ्या नवऱ्याला सांग,” सासरे म्हणाले, “आपल्या ग्रुपवर मालाचा फोटो टाकायचाय. खाली ते काय म्हणतात ते लिहायचंय.”

“कॅप्शन,” बायको म्हणाली.

“तेच. समोरचा रोज टाकतो. त्यात फुलं असतात, बाण असतात, एक बाई हसत असते. बियाण्याशी तिचा काय संबंध आहे देव जाणे.”

समोरचा म्हणजे रस्त्यापलीकडचा दुकानदार. त्याचे आणि सासऱ्यांचे उभ्या आयुष्याचे वैर होते, आणि ते दोघेही इतक्या नेमाने पाळत, की एखाद्या दिवशी समोरच्याने उशिरा दुकान उघडले तर सासरे अस्वस्थ होऊन पायरीवर येऊन उभे राहत.

आजवर सासऱ्यांचे कॅप्शन ठरलेले असे. गोण्यांचा फोटो, त्यात कोपऱ्याला त्यांच्याच अंगठ्याचा अर्धा भाग, आणि खाली ‘माल आला आहे. घेऊन जावे.’ जावयाला हे वाक्य वाचून वाईट वाटे. चूक काही नव्हती त्यात. पण एखाद्या माणसाने दार उघडावे आणि आत या असेही न म्हणता फक्त बाजूला सरकावे, तसे ते होते.

दुपारभर तो गोदामात खताच्या थप्पीला टेकून बसला. वर एक झरोका होता. त्यातून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्यात धूळ इतकी सावकाश तरंगत होती, की तिला कुठेही पोहोचायचे नव्हते हे उघड होते. त्याने पिशव्यांवरची सगळी बारीक अक्षरे वाचली, माहितीपत्रके वाचली, बायकोला चार शंका विचारल्या, आणि संध्याकाळी कागद सासऱ्यांपुढे ठेवला.

सासऱ्यांनी चष्मा लावून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. “‘मातीच्या अंधारात एक हिरवे स्वप्न कूस बदलते आहे.’ हे कुठल्या कंपनीचं?”

“कंपनीचं नाही, मामा. ती एक... भावना आहे.”

“स्टॉकमध्ये आहे?”

“नाही.”

“मग काढा. आपल्याकडे नसलेल्या मालाची जाहिरात आपण करत नाही.”

स्वप्न गेले. पाठोपाठ ‘ऋतूंचे पाऊल’ गेले, ‘नांगराची लेखणी’ गेली. बायको मागे उभी राहून तोंडाला पदर लावून हसत होती. जावयाने लाल पेनाने एकेक ओळ खोडली, आणि प्रत्येक ओळ खोडताना त्याला छापखान्यातली ती माणसे आठवली, ज्यांच्या ओळी त्याने अशाच निर्विकारपणे खोडल्या होत्या. शेवटी एक वाक्य मात्र सासऱ्यांनी दोनदा वाचले.

“‘वरून टपोरा दिसणारा प्रत्येक दाणा आतून जिवंत असतोच असे नाही.’” ते थांबले. “हे खरंय. हे राहू द्या. तुझ्या नवऱ्याला सांग, हे अगदी वर घ्यायचं.”

तसे त्याने ते वर घेतले. पक्के कॅप्शन असे झाले:

‘शेतकरी बंधुभगिनींनो, आमच्याकडे सोयाबीनचे बियाणे आले आहे. ते नेल्याबरोबर पेरू नका. वरून टपोरा दिसणारा प्रत्येक दाणा आतून जिवंत असतोच असे नाही. म्हणून कोणत्याही दुकानाचे बियाणे असो वा घरचे, आधी उगवण तपासा. शंभर दाणे ओलसर गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, ओल टिकेल एवढेच पाणी शिंपडा. पाचसहा दिवसांनी निरोगी कोंब आलेले दाणे मोजा. सत्तर किंवा अधिक असतील तर निर्धास्त पेरा. थोडे कमी असतील तर त्या हिशेबाने बियाणे वाढवा. फारच कमी असतील तर ते बियाणे पेरू नका. बीजप्रक्रिया करताना आधी बुरशीनाशक लावा, ते सुकल्यावर जिवाणूखत. दोन्ही सावलीत आणि हलक्या हाताने, कारण सोयाबीनचे साल नाजूक असते. प्रक्रिया केलेले उरलेले बियाणे माणसांना किंवा जनावरांना खायला देऊ नका. पिशवीचे लेबल आणि पावती जपून ठेवा. मक्याचे बियाणे व पेरणीची सर्व खते उपलब्ध.’

“लांब झालंय,” बायको म्हणाली.

“पेरणी एकदाच असते,” सासरे म्हणाले. “वाचतील.”

त्यांनी स्वतः, उजव्या हाताच्या तर्जनीने, दुकानाचे शटर ओढावे तितक्या जोरात, पाठवण्याचे बटण दाबले.

दुसऱ्या दिवशी दुकानात कुणी आले नाही.

पेरणी आठवड्यावर आलेली, आणि दुकानात कुणी नाही. रस्त्यापलीकडे समोरच्याच्या पायरीवर मात्र चपलांना जागा नव्हती. सासरे काउंटरमागे उभे राहून वजनकाटा पुसत होते. त्यांनी तो इतका पुसला की रिकाम्या काट्यावरचा आकडा वर-खाली होऊ लागला.

दुपारी ट्रॅक्टरवाला आला. हा माणूस भाड्याने ट्रॅक्टर चालवी, आणि शेतांइतक्याच बातम्याही नांगरी. पण आज तो दबक्या पावलांनी आला, काउंटरशी हात बांधून उभा राहिला आणि सुतकात बोलावे तशा आवाजात म्हणाला, “कसं झालं हो हे, शेठ?”

“काय कसं?”

“नाही, म्हणजे... व्हायचं ते होतं. पण तुम्ही लपवलं नाहीत. दुसरा असता तर दाबून टाकलं असतं.”

सासरे खूश झाले. “आपण स्पष्ट लिहितो. शेतकऱ्याला अंधारात ठेवायचं नाही.”

“तेच म्हणतोय ना सगळा गाव. केवढं मोठं मन. आता त्या मालाचं काय करणार?”

“काय करणार म्हणजे? विकणार.”

ट्रॅक्टरवाल्याने जावयाकडे पाहिले, मग मुलीकडे पाहिले, आणि अगदी हळू विचारले, “त्यांना धक्का बसलाय का?”

“काका,” बायको म्हणाली, “तुम्ही काय वाचलंत ते दाखवा बघू.”

त्याने फोन पुढे केला. पडद्यावर गोण्यांचा फोटो होता, कोपऱ्यात सासऱ्यांचा अंगठा होता, आणि खाली लिहिले होते: ‘शेतकरी बंधुभगिनींनो, आमच्याकडे सोयाबीनचे बियाणे आले आहे. ते नेल्याबरोबर पेरू नका. वरून टपोरा दिसणारा प्रत्येक दाणा आतून जिवंत असतोच असे नाही...’ आणि त्यापुढे, फिकट निळ्या, लाजऱ्या अक्षरांत, ‘अधिक वाचा’.

“मग अधिक वाचलं का नाहीत?” बायकोने विचारले.

“एवढं वाचल्यावर आणखी काय वाचायचं राहिलं?” ट्रॅक्टरवाला म्हणाला. “माणूस गेला म्हटल्यावर कशानं गेला ते कुणी विचारत बसतं का?”

जावयाने ती ओळ पुन्हा वाचली. आयुष्यभर तो वाक्याच्या शेवटाची काळजी घेत आला होता. वाक्य कुठे थांबेल हे लिहिणाऱ्याच्या हातात असते, अशी त्याची समजूत होती. ते फोन ठरवतो, हे त्याला कुणी सांगितले नव्हते. आणि अपरिचित माणसाशी बोलताना तो स्वतःही नेमका असाच, दोन ओळींनंतर गप्प होत असे. पुढचे सगळे आतच राही. त्याला त्या निळ्या अक्षरांची कणव आली.

सासऱ्यांना मात्र कणव वगैरे आली नाही. त्यांनी आपला फोन काढून ग्रुपवरचे कॅप्शन पुसून टाकले. तासाभरात ग्रुपवर नवी चर्चा सुरू झाली: पुसले म्हणजे काहीतरी असणारच. तोवर समोरच्याने त्याचा फोटो काढून ठेवलाच होता. त्याने तो स्वतःच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिले: ‘शेजाऱ्यांच्या प्रामाणिकपणाला मानाचा मुजरा. आमच्याकडेही बियाणे उपलब्ध.’ शेजारी ती बाई हसत होतीच.

संध्याकाळी सासरे गोदामाच्या बोळात जाऊन फोनवर बोलले. त्या बोळात कुजबुजलेले काउंटरवर स्पष्ट ऐकू येते, हे ते रागाच्या भरात विसरले होते. “एक माणूस पाठवायचाय,” ते भावाला सांगत होते. “नाही, मेहनती आहे. शांत आहे. फक्त त्याच्या हाती लिहायचं काही देऊ नकोस. गोण्यांवर आकडेसुद्धा नाही.”

जावई काउंटरशी उभा होता. बायको त्याच्याकडे पाहत होती.

सासरे बाहेर आले तेव्हा जावई खाकरला. मग आणखी एकदा खाकरला. मग म्हणाला, “मामा, पिशवी फोडू.”

“काय?”

“एक पिशवी फोडू. बाहेर टेबल टाकू. आपणच शंभर दाणे लावू, सगळ्यांसमोर. लिहिलं होतं ते करून दाखवू. आणि जे उगवेल ते... ते लोकांनीच मोजावं.”

सासऱ्यांनी आयुष्यभर शिवलेल्या पिशव्या विकल्या होत्या. कंपनीने शिवलेली पिशवी दुकानदाराने फोडायची म्हणजे त्यांना लग्नाच्या बोलणीत वधूचे दात मोजण्यासारखे वाटले. “आणि नाही उगवलं तर?” ते थेट जावयालाच विचारते झाले.

“तर मग लोक म्हणतात ते खरं. मग विकायचंच नाही.”

सासरे बराच वेळ गोण्यांकडे पाहत राहिले. ज्या मालाबद्दल त्यांनी सकाळपर्यंत छाती ठोकून सांगितले असते, त्याकडे ते आता मुलाखतीला आलेल्या माणसाकडे पाहावे तसे पाहत होते. मग त्यांनी मुलीला सांगितले, “कात्री दे.”

टेबल दुकानाच्या पायरीशेजारी सावलीत मांडले. जावयाने स्वच्छ धुतलेले गोणपाट भिजवले, पिळले, पसरले. दाण्यांच्या ओळी सरळ आल्या, कारण ओळी सरळ लावणे हे एवढेच काम त्याला आयुष्यात निर्विवाद जमले होते. रस्त्यावरचे चारसहा जण जमले. समोरचाही आपल्या पायरीवरून मान उंच करून पाहत होता. गुंडाळी झाली, सुतळी बांधली गेली, आणि पिशवीचे लेबल तिच्याजवळ टाचणीने लावले गेले. त्याखाली जावयाने लिहिले: ‘हे याच मालातले दाणे आहेत. मोजायला सर्वांनी यावे.’ बायको ते तपासून म्हणाली, “हे ठीक आहे. यात कापायला काही नाही.”

गावाला विषय मिळाला. येणारा-जाणारा टेबलाशी थांबू लागला. कुणी गुंडाळीला बाहेरून हात लावून पाही, कुणी कान लावी. ट्रॅक्टरवाला आपल्या गिऱ्हाइकांना ताजी खबर देई: “आज जरा फुगल्यासारखी वाटते.” सासरे तोंडाने काही म्हणत नसत. पण दुकान उघडण्याआधी, दुकान बंद केल्यावर, आणि मधल्या वेळात ‘जरा पायरी झाडतो’ म्हणून ते बाहेर जात, आणि त्या पायरीइतकी स्वच्छ पायरी बाजारपेठेत दुसरी नव्हती.

जावई रोज सकाळी बोटांनी थोडे पाणी शिंपडी. पण दर वेळी त्याला गोणपाट आपल्या शिंपडण्याआधीच ओले लागे. हवा दमट असेल, असे त्याने मनाला समजावले. तिसऱ्या सकाळी टेबलाच्या पायाशी पाणी साचलेले दिसले, तेव्हा त्याच्या मनात शंका आली. पण शंका मोठ्याने विचारायची म्हणजे चार माणसांना थांबवायचे, आणि ते त्याच्याने झाले नाही. तो नुसता रुमालाने पाणी टिपत राहिला.

मोजायच्या दिवशी रस्ता भरला होता. सासऱ्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. समोरचा आपले गिऱ्हाईक सोडून, हात मागे बांधून, अगदी पुढच्या रांगेत येऊन उभा राहिला होता.

जावयाने सुतळी सोडली. गुंडाळी उलगडली. आधी वास आला.

मग दाणे दिसले. काहींना कोंब होते, लांब आणि आजारी. पुष्कळसे फुगून, फुटून, पांढऱ्या चिकट पाण्यात पडले होते. ट्रॅक्टरवाल्याने मोजायला सुरुवात केली आणि चाळिसाच्या आसपास त्याचा आवाज खाली गेला. पुढे मोजण्यासारखे फार नव्हते. सासऱ्यांनी सदऱ्याचे वरचे बटण उघडले. त्यांचा चेहरा पाहून जावयाला दुकानाचा, गोदामाचा, सिमेंटचा विसर पडला. हा माणूस सगळ्या गावासमोर उघडा पडला आणि तो आपल्या दोन ओळींमुळे, एवढेच त्याला कळले.

त्याने गोणपाट उचलले आणि पिळले. पाण्याची धार लागली.

“हे... हे बुडालेत,” तो म्हणाला. आवाज त्याला स्वतःलाही अनोळखी वाटला. “गोणपाट ओलसर ठेवायचं असतं. हे भिजून चिंब आहे. दाण्यालाही श्वास लागतो. एवढ्या पाण्यात चांगला दाणाही कुजतो. मी रोज फक्त चार थेंब शिंपडत होतो.” त्याने सगळ्यांकडे पाहिले. “पाणी आणखी कुणी घातलं?”

मग सासरे सदऱ्याच्या बटणाशी चाळा करत म्हणाले, “मी घातलं. थोडंसं. सकाळी.” मग जरा थांबून, “आणि संध्याकाळी.”

“तुम्ही पण?” दुकानावरच्या घरातून सासूबाईंचा आवाज आला. “मला वाटलं कुणाचं लक्षच नाहीये, म्हणून मी रोज तांब्याभर ओतत होते.”

बायकोने वर पाहिले, खाली पाहिले. “एकदाच,” ती नवऱ्याला म्हणाली. “मला तुझी काळजी वाटली.”

ट्रॅक्टरवाल्याने हात वर केला. शाळेत करतात तसा. “माझ्याकडे बाटली असते ना गाडीत.”

आणि मग, जरा वेळाने, पुढच्या रांगेतून समोरचा खाकरला. “दुपारी ऊन तिरकं येतं या टेबलावर,” तो कुणाकडेही न पाहता म्हणाला. “गोणपाट वाळेल असं वाटलं. बियाणं डोळ्यांसमोर वाळताना बघवत नाही हो. कुणाचंही असलं तरी.”

सासरे त्याच्याकडे पाहतच राहिले. एवढ्या वर्षांच्या वैरात हा माणूस एवढा घसरेल असे त्यांना वाटले नव्हते.

हशा पिकला, पण हशाने प्रश्न सुटला नव्हता. कुजलेले दाणे टेबलावर होते आणि ते चांगले होते की नव्हते, हे आता कुणीच सांगू शकत नव्हते. जावयाने तसे सांगून टाकले. “यातून काहीच ठरत नाही,” तो म्हणाला. “माल चांगला असेलही. पण मी तसं म्हणू शकत नाही. पुन्हा लावावं लागेल.”

“पुन्हा लावेपर्यंत पेरणी निघून जाईल,” कुणीतरी म्हणाले, आणि पायरीकडून माणसे हलू लागली.

तेवढ्यात मळेवाल्या काकू पुढे आल्या. गावाबाहेर त्यांचा मळा होता, आणि त्या बाजारात आल्या की भाव करणाऱ्यांपेक्षा भाव सांगणारे जास्त घाबरत. त्यांच्या काखेत एक गोणपाटाची वळकटी होती. “मी हे दाखवायला आले होते,” त्या म्हणाल्या, “पण इथं बारसंच चाललेलं दिसलं, म्हणून थांबले.”

त्यांनी वळकटी टेबलावर उलगडली. दहा ओळी. प्रत्येक दाण्याजवळ स्वच्छ, पांढरा, जाडसर कोंब, एकाच दिशेला वळलेला. मध्ये इथे-तिथे एखादा दाणा निजलेला. लोक पुन्हा जवळ आले. ट्रॅक्टरवाला मोजू लागला, या वेळी त्याचा आवाज चढत गेला आणि चौऱ्याऐंशीवर थांबला.

“पिशवी कुठली?” समोरच्याने विचारले.

काकूंनी पदराच्या गाठीतून लेबल काढले. “यांचीच. आठवड्यापूर्वी नेली होती. लेबल ठेवायला सांगितलं होतं ना.”

सासऱ्यांनी ते लेबल टेबलावरच्या लेबलाशेजारी धरले. लॉटचा आकडा तोच होता. त्यांनी तो दोनदा वाचला, मग समोरच्याच्या हाती दिला. त्यानेही दोनदा वाचला.

“तुम्हाला हे सगळं कसं माहीत, काकू?” जावयाने विचारले. “ओलसर ठेवायचं, शिंपडायचं...”

“तुम्हीच लिहिलं होतंत की. सावलीत ठेवा, ओल टिकेल एवढंच पाणी. मी ते खाली दाबलं, सगळं उघडलं. फुकट मिळतं ते मी शेवटपर्यंत वाचते. चांगलं लिहिलंय. फक्त सुरुवातीला मला वाटलं कुणीतरी गेलं.”

त्यानंतर जे झाले त्याला गर्दी म्हणायचे की धाड, हे सासऱ्यांनाही ठरवता आले नाही. पायरीवर चपलांचा ढीग झाला. बायको पिशव्या काढत होती, सासरे पावत्या करत होते. आणि प्रत्येक जण पिशवी हातात घेऊन काउंटरच्या दुसऱ्या टोकाकडे, जावयाकडे, वळत होता. हे घरी लावून बघायचं का. किती पाणी. बुरशीनाशक आधी की नंतर. डीएपी खत बियाण्यातच मिसळलं तर चालेल का.

“नाही,” जावई म्हणाला. तो खाकरला नाही, हे त्याच्या ध्यानातही आले नाही. “खत बियाण्याला टेकू द्यायचं नाही. कोंब जळतो.” त्याने काउंटरवर तर्जनी टेकवली. “हे बियाणं, दोन बोटं खोल. त्याहून खोल गेलं तर वर यायला दम लागतो. आणि खत इथं, दोनतीन बोटं बाजूला, आणि बियाण्याच्या जरा खाली.” त्याने दुसऱ्या हाताची बोटे टेकवली, आणि चार पाच जणांनी आपापली बोटे काउंटरवर ठेवून अंतर मापून पाहिले.

“आणि युरिया?” मागून आवाज आला. समोरचा होता. त्याचे गिऱ्हाईक त्याला सोडून इकडे आले होते, आणि गिऱ्हाइकामागोमाग तोही.

“सोयाबीनला त्याचा मारा नको. मुळांवर गाठी धरतात, त्या हवेतला नत्र घेतात. पेरताना देतो तेवढं पुरतं. मक्याला मात्र वाढीच्या वेळी हप्त्यानं लागतं, जमिनीत ओल असताना.”

समोरच्याने मान हलवली आणि ते आपल्या एका गिऱ्हाइकाला तिथेच, जरा वरच्या पट्टीत, स्वतःचेच असल्यासारखे समजावून सांगितले.

ट्रॅक्टरवाला काउंटरवर कोपर टेकून सगळे ऐकत होता. “हे बोटांचं फार छान आहे,” तो म्हणाला. “हे सगळं ग्रुपवर टाका की.”

बायकोच्या हातातली पिशवी तशीच राहिली. सासऱ्यांनी पावती करणारा हात थांबवला, चष्म्यावरून जावयाकडे पाहिले आणि मग ट्रॅक्टरवाल्याकडे.

“ग्रुपवर नको,” ते म्हणाले. “ज्याला विचारायचंय त्यानं दुकानात यावं. हे इथंच असतात.”

आणि ते पुन्हा पावती लिहू लागले. जावई पुढच्या माणसासाठी काउंटरवरची बोटे किंचित सरकवून, अंतर नीट करून घेत होता.